८७ की ३००? भाचीचं सरांना पत्र

भाची एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला. "मामा, सरांची आन्सर की चुकलीय. मेल लिहिलाय, जरा वाच."

वाचला. पहिल्याच ओळीत 'यू हॅव मार्क्ड इट राँग', त्यानंतर दोन पुस्तकांची नावं, आणि शेवटी 'आमच्या सगळ्यांवर अन्याय'. म्हटलं, हे पाठवू नकोस. आधी प्रश्न दाखव.

प्रश्न होता ईओक्यूचा, म्हणजे एका वेळी किती माल मागवला की खर्च सगळ्यात कमी येतो याचा. मागणी दरमहा २०० नग, एका ऑर्डरचा खर्च ७५ रुपये, नगाची किंमत ४० रुपये, माल साठवून ठेवण्याचा खर्च किमतीच्या १० टक्के. पर्यायांत ८७ पण होतं आणि ३०० पण. की म्हणत होती ८७. हिचं उत्तर ३००.

मी वीस वर्षं कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आहे, त्यामुळे कागद-पेन्सिल घेऊन बसलोच. दोन गुणिले मागणी गुणिले ऑर्डरचा खर्च, त्याला एक नग ठेवण्याच्या खर्चाने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. नग ठेवण्याचा खर्च ४ रुपये. वर्षाची मागणी २४०० धरली की ३०० येतात. महिन्याची २०० धरली की साधारण ८७. हिचं म्हणणं, सरांनी मागणी महिन्याची घेतली आणि ४ रुपये वर्षाचे, म्हणजे गफलत झाली. मलाही आधी तसंच वाटलं.

मग प्रश्न परत वाचला. १० टक्क्यांपुढे 'वार्षिक' हा शब्दच नव्हता! दरमहा १० टक्के धरले तर ८७ बिनचूक आहे. ताळा करून पाहिला. ईओक्यूला ऑर्डरींचा खर्च आणि साठवणुकीचा खर्च जवळपास सारखे यावे लागतात. ८७ ला महिन्याला २.३ ऑर्डरी, म्हणजे १७२ रुपये, आणि सरासरी साडेत्रेचाळीस नगांची साठवणूक १७४ रुपये. बसलं की! म्हणजे सरांचं गणित चुकलेलं नाही, प्रश्नातून एक शब्द गळलाय. हे भाचीला सांगितलं तर ती आधी चिडली. "तू पण सरांच्याच बाजूचा!"

पण पत्राची सगळी ताकद इथेच आहे असं माझं मत. 'तुम्ही चुकलात' म्हटलं की माणूस आधी स्वतःला वाचवतो, मग गणित बघतो. शिवाय इथे ते चुकलेही नव्हते. तिने तसाच मेल पाठवला असता तर सरांनी वरचा ताळा एका मिनिटात करून दाखवला असता आणि विषय संपला असता.

नवा मेल आम्ही मिळून लिहिला. इंग्रजीत गेला, पण मजकूर साधारण असा:

"आदरणीय सर, प्रश्न क्र. ७ बद्दल एक विनंती आहे. साठवणुकीचे १० टक्के मासिक धरले तर ८७ हे उत्तर बरोबर येते, हे मी पडताळून पाहिले. मात्र प्रश्नात कालावधी दिलेला नाही. वर्गात आपण सोडवून दिलेल्या उदाहरणात हा दर वार्षिक होता, म्हणून मी तसाच धरला. तेव्हा उत्तर ३०० येते: वर्षाला ८ ऑर्डरींचे ६०० रुपये आणि साठवणुकीचे ६०० रुपये. ८७ सोबत ३०० हे उत्तरही ग्राह्य धरता येईल का, याचा कृपया विचार करावा. माझी आकडेमोड सोबत जोडली आहे."

बस. पुस्तकांची नावं काढली, अन्याय काढला. मार्कांचा उल्लेखही नाही, सरांना तो कळतोच. आणि मागणी अशी, की ८७ लिहिलेल्या पोरांचे मार्क जाणार नाहीत.

एक वाक्य मात्र मी घालायला लावलं होतं आणि तिने काढून टाकलं. दरमहा १० टक्के म्हणजे वर्षाला १२० टक्के. बँकेचं व्याज, जागेचं भाडं, विमा, गंजून-फुटून जाणारा माल असं सगळं धरूनही आमच्याकडे वर्षाला वीस-पंचवीस टक्क्यांच्या वर कुणी जात नाही. ४० रुपयांचा नग वर्षभर ठेवायला ४८ रुपये लागत असतील तर तो नग ठेवायचाच कशाला? मुद्दा माझ्या मते सगळ्यात जोरदार होता. ती म्हणाली, "मामा, हे खरं आहे, पण हे टोचतं." बरोबर होतं तिचं.

मेल काल गेला. उत्तर अजून आलेलं नाही.

आज सकाळी तिने विचारलं, तुमच्याकडे असा नग असता तर ३०० मागवले असते का? नसते. समजा पुरवठादाराचं खोकं २५० चं असेल, तर २५० मागवायचे. वर्षाचा खर्च १२०० ऐवजी १२२० येतो. त्या वीस रुपयांसाठी खोकं कोण फोडत बसणार?