मिरजेची पत्रिका आणि आमचा कट्टा

मन्याने मोबाईल पुढे केला. पत्रिका होती. गुरुवार, दुपारी 12.35 चा मुहूर्त, मिरज. कंपनीच्या बसमध्ये सहा वर्षं त्याच्या शेजारी बसणारे एक काका निवृत्त होऊन गावी गेले, त्यांच्या मुलीचं लग्न. पत्रिका पाठवून वर फोनही केला होता, "सहकुटुंब यायचं हं!"

"मग जातोयस?"

"नाही रे. पुण्याहून मिरज म्हणजे एका बाजूला पाच तास, गुरुवारची रजा, आणि तिथे काका सोडून ओळखीचं कुणी नाही. पण माणूस गोड आहे. तोडायचं नाहीये."

अण्णांनी चहाचा ग्लास ठेवला. "नक्की येतो म्हणायचं आणि जायचं नाही. साठ वर्षं हेच चाललंय."

"म्हणून तर माझे हाल होतात," सुऱ्या म्हणाला. सुऱ्याचं केटरिंग आहे, त्यामुळे लग्न या विषयावर तो कुणाला बोलू देत नाही. "पार्टी तीन-चार दिवस आधी ताटांचा आकडा देते. तेवढ्या ताटांचे पैसे त्यांना भरावेच लागतात, कुणी जेवो न जेवो. तुमचं 'नक्की येतो' म्हणजे वधूपित्याच्या खिशातून चार ताटं."

"अरे, मुरलेला माणूस असलं 'नक्की' धरतच नाही," अण्णा म्हणाले.

"मुरलेला धरत नाही. काकांची पहिलीच मुलगी आहे, ते धरणार."

इथे अण्णा गप्प झाले, जे क्वचित होतं.

पक्याचं मत, काहीच बोलू नये आणि लग्नाच्या दिवशी मोबाईलवरून हजार रुपये टाकावेत. मला ते पटलं नाही. एक तर पत्रिकेत खाली ठळक छापलंय, 'कृपया आहेर आणू नये'. आणि न जाता पैसे पाठवले की काकांच्या डोक्यावर ओझं. ते आहेराच्या वहीत मन्याचं नाव लिहिणार आणि उद्या त्याच्या पोराच्या मुंजीला मिरजेहून पाकीट घेऊन येणार. माया दाखवायला गेलो आणि उधारी लावून आलो, असं व्हायचं.

"मग कारण काय सांगू? गाडी गॅरेजला आहे म्हणतो."

"वेडा आहेस का?" मी म्हटलं. मी यात पोळलोय. एकदा एका लांबच्या ओळखीत 'इतक्या लांब यायला गाडीची सोय नाही' म्हणालो, तर पलीकडून उत्तर आलं, "आमची बस पुण्यातूनच निघतेय, दोन सीट ठेवतो." आता काय बोलणार? गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला घरी पोचलो. लग्नघरातल्या माणसाला अडचण सांगितली की तो ती सोडवायलाच बसतो. अंतर सांगितलं तर गाडी देईल, मुक्काम म्हटलं तर लॉजवर खोली देईल, प्रकृती म्हटलं तर 'मग वहिनींना पाठवा'. तारीख मात्र कुणाला हलवता येत नाही. म्हणून 'त्या दिवशी जमत नाहीये' एवढंच, आणि त्याला शेपूट लावायचं नाही.

"आणि खोटं आजारपण तर नकोच," सुऱ्या म्हणाला. "त्याच दिवशी बायको स्टेटसला हुर्ड्याचे फोटो टाकते."

"पण नुसतं जमत नाही म्हणणं कोरडं वाटतं रे," मन्या म्हणाला.

कोरडेपणा घालवायचा तो कारणाने नाही, मुलीविषयी बोलून. बसमध्ये काका तिच्या दहावीच्या मार्कांचं, सायकल हरवल्याचं सांगायचे, ते मन्याला आठवत होतं. ते बोलायचं. शिवाय त्यांनी फोन केलाय, तर याने नुसता मेसेज टाकून सुटायचं नाही. आणि आजच, कारण अजून पंधरा दिवस आहेत. अण्णांना हे घाईचं वाटलं. त्यांच्या मते शुभकार्याला आधीच 'नाही' म्हणू नये, आदल्या दिवशी सांगावं. सुऱ्याने नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

शेवटी मन्याने तिथेच फोन लावला.

"काका, पत्रिका पाहिली. सायकल हरवून रडत आलेली ती हीच ना? फार आनंद झाला. त्या गुरुवारी आम्हाला कुणालाच यायला जमणार नाही, म्हणून आजच सांगतो. तुमच्या आकड्यात आम्हाला धरू नका. लग्न झालं की रविवारी फोन करतो, निवांत सगळं ऐकायचंय."

"संध्याकाळी रिसेप्शनला तरी ये म्हणाले तर?" पक्या कुजबुजला.

म्हणालेच. मन्या डगमगला नाही, "नाही काका, तो दिवसच नाही जमत." मग पलीकडचं बराच वेळ ऐकत राहिला, हसला, आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"बरं केलंस सांगितलंस, म्हणाले, चौघं धरले होते. आणि आपल्या बसच्या ड्रायव्हरचा नंबर मागितला. त्याला बोलवायचं राहिलंय."