बक्षीसपत्रात राहून जाणारी एक अट

राहते घर हयातीतच मुलांच्या नावे करावे की नाही, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु करायचेच असेल, तर ‘मुलगा आईचा आयुष्यभर सांभाळ करील आणि तिला याच घरात राहू देईल’ ही अट बक्षीसपत्रात लिहिल्याशिवाय सही करू नये, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या परिचयातील मुलुंडच्या एका काकूंनी यजमानांच्या निधनानंतर फ्लॅट मुलाच्या नावे केला. मुलांना राहते घर बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघे 200 रुपये असल्याने सगळे झटपट उरकले. एजंटाने आणलेल्या मसुद्यात ‘नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी’ एवढेच कारण होते आणि सांभाळाविषयी चकार शब्द नव्हता. पुढे औषधपाण्याचे पैसे बंद झाले आणि काकूंना लेकीकडे जाऊन राहावे लागले.

पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या 2007 च्या कायद्यातील कलम 23 अशा वेळी आधार देते. सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणाऱ्याने ती अट मोडली असेल, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाखाली झाले असे मानून न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. मात्र मुलगा वाईट वागतो, एवढे सांगून भागत नाही. अशी अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सुदेश छिकारा प्रकरणात स्पष्ट केले. जानेवारी 2025 च्या उर्मिला दीक्षित प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ उदारपणे लावून आईच्या बाजूने निकाल दिला. पण तेथेही बक्षीसपत्रासोबत मुलाने लिहून दिलेले वचनपत्र आईच्या हाती होते. म्हणून काकूंसारख्यांनी त्या काळातले मुलाचे मेसेज, पत्रे, बोलणी ऐकलेले नातेवाईक, असे जे काही असेल ते अर्जासोबत द्यावे. तरीही लेखी अटीइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. त्यात दरमहा निर्वाहभत्ता, बक्षीसपत्र रद्द करणे आणि घराचा ताबा या तिन्ही मागण्या वेगवेगळ्या व स्पष्ट लिहाव्यात. नुसते ‘न्याय मिळावा’ असे लिहिले, तर अनेकदा भत्त्यावरच बोळवण होते. भत्त्याची कायद्यातील कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये आहे, आणि मुंबईत तेवढ्यात भाड्याची खोली मिळणेही कठीण, त्यामुळे खरी लढाई घराचीच असते. भत्त्याच्या अर्जाचा निकाल नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत, अपवाद म्हणून आणखी 30 दिवसांत, लागावा असे कायदा सांगतो.

आदेश हाती आला की त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयात आणि सोसायटीत लगेच द्यावी, कारण भागपत्रावर मुलाचे नाव तसेच राहिले तर मधल्या काळात त्याला फ्लॅट विकण्याचा प्रयत्न करता येतो.