गिफ्ट, ४९ रुपये आणि ओटीपीचा भरवसा

«पोस्टाच्या नावाचा सर्व्हे भरला, गिफ्ट लागलं. फक्त ४९ रुपये डिलिव्हरी चार्ज कार्डाने भरायचाय. ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातच नाहीत, मग भीती कसली? गेले तर ४९च. खाली एवढ्या लोकांनी ‘मिळालं’ म्हणून लिहिलंय, साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्हही आहे.»

आधी ओटीपीचं बघू, कारण सगळ्यांचा जीव तिथेच अडकलाय. भारतातल्या साइटवर कार्ड चालवलं की ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते, हा रिझर्व्ह बँकेचा २००९ पासूनचा नियम. पण पैसे घेणारा परदेशातला असेल, तर कार्डाचा नंबर, मुदतीची तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर व्यवहार होऊन जाऊ शकतो. गिफ्टच्या पानावर तुम्ही नेमक्या याच तीन गोष्टी भरता.

आमच्या सोसायटीतल्या काकूंनी असंच एक पान भरलं. ‘Payment failed, try another card’ असं आलं, म्हणून त्यांनी दुसरंही कार्ड टाकलं. ओटीपी आला नाही, गिफ्टही नाही. काकू विसरून गेल्या. पहाटे साडेतीनला पहिल्या कार्डावर एक डॉलर गेला, आणि दहा मिनिटांनी १४९ डॉलर. एक डॉलर हा चाचणीचा: कार्ड जिवंत आहे का, बघायला. दुसऱ्या कार्डाचा मात्र ‘व्यवहार नाकारला’ एवढाच मेसेज आला होता. दोन्ही कार्डांची माहिती एकाच चोराकडे, मग फरक कशाचा? लेकीकडे दुबईला जाताना काकूंनी पहिल्या कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू केले होते आणि परत आल्यावर ते तसेच राहिले. २०२० पासून नव्या कार्डावर ही सोय मुळात बंदच असते, आपणच ती केव्हातरी चालू करतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘International’ असं बटण असतं. आत्ता उघडून बघा, तुमचं चालू आहे की बंद.

आता ओटीपी आलाच, तरी तो ४९ रुपयांचाच असेल असं नाही. पान तुम्हाला ४९ दाखवतं, पण पलीकडचा माणूस त्याच क्षणी तुमचं कार्ड कुठल्यातरी खऱ्या दुकानात टाकून २४,९९९ चा मोबाइल घेत असतो. बँकेच्या एसएमएसमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण? हल्ली फोनच कीबोर्डच्या वर सहा आकडे आणून ठेवतो, आपण बोट लावतो आणि मेसेज न उघडताच काम होतं. माझंही बोट असंच जातं, खोटं कशाला बोलू.

‘गेले तर ४९च’ यात आणखी एक घोळ आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाने स्वतः माहिती दिल्यामुळे पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे तक्रार किती वाजता नोंदवली, यावर तुमचे पैसे ठरतात.

कमेंटचं सांगायचं तर त्या कमेंटच नाहीत, पानातच लिहून ठेवलेला मजकूर आहे. तीच लिंक उद्या दुसऱ्या फोनवर उघडा: तीच नावं, तेच ‘५ मिनिटांपूर्वी’. गिफ्ट निवडायला अशी पानं तीन खोकी दाखवतात, तो खेळही तसाच. पहिलं रिकामं निघतं, दुसऱ्यात हमखास बक्षीस. तुम्ही कुठलंही निवडा. आणि कुलूप एवढंच सांगतं की वाटेत कुणी तुमची माहिती चोरून वाचत नाही. माहिती पोचते कुणाकडे, ते सांगत नाही. चोरालाही ते कुलूप फुकट मिळतं.

राहिलं पोस्ट. सर्व्हे आणि प्रश्नमंजुषांवरून बक्षिसं किंवा अनुदान आम्ही देत नाही, असं पोस्ट खात्याने एप्रिल २०२२ मध्येच जाहीर केलंय. लिंकमध्ये ‘indiapost’ शब्द कुठेही घुसवता येतो. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते बघा. तिथे टिंबासकट ‘.gov.in’ नसेल तर ते पोस्ट नाही.

माहिती भरून बसला असाल तर पिन बदलू नका, त्याने काही होत नाही. परदेशी साइट पिन विचारतच नाही. ॲपमधून कार्ड आधी ब्लॉक करा, बँकेकडून तक्रार क्रमांक घ्या आणि पैसे गेले असतील तर १९३० ला फोन किंवा cybercrime.gov.in वर नोंद. काकूंनी सकाळी साडेआठला कार्ड ब्लॉक केलं. पहाटेचे १५० डॉलर वादात आहेत. पावणेनऊला आणखी ३०० डॉलरचा प्रयत्न झाला, तो नाकारला गेला.