नुसतं पद आलंय, काम मागून येईल

"सीनियर अ‍ॅनालिस्ट, पुणे. अर्जंट. इमिजिएट जॉइनर. इंटरेस्टेड?"

व्हॉट्सअ‍ॅपवर एका रिक्रूटर मॅडमचा एवढाच मजकूर. खाली मात्र भरून पाठवायची भलीमोठी यादी: एकूण अनुभव, रेलेव्हंट अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पीरियड, जन्मतारीख, पॅन नंबर. म्हणजे मी पत्रिका, पगार, गोत्र सगळं कळवायचं आणि समोरून उत्तर यायचं, "मुलगा आहे."

आता हिंजवडीत सीनियर अ‍ॅनालिस्ट म्हणजे कोणीही असू शकतो. एसक्यूएल लिहून रिपोर्ट काढणारा, क्लायंटला नेमकं काय हवंय ते तासन् तास ऐकून घेणारा, बँकेची केवायसी तपासणारा, नाहीतर रात्री तीनला झोपी गेलेला सर्व्हर उठवणारा. चौघांच्या गळ्यातल्या कार्डावर पद एकच. मी यातला पहिला. म्हणून कामाचा तपशील लिहिलेली जेडी नम्रपणे मागितली, "मॅडम, जेडी पाठवाल का?"

"शुअर सर. सीव्ही शेअर करा."

"जेडी बघून करतो."

"सर, जेडी टायटलप्रमाणेच आहे."

या वाक्यापुढे मी काही वेळ नतमस्तक होतो.

मॅडमवर माझा राग नाही. त्या कन्सल्टन्सीतल्या, आणि कन्सल्टन्सीचं पोट कसं भरतं हे मला ठाऊक आहे. कायमच्या नोकरीवर उमेदवार लागला की कंपनी वर्षाच्या पगाराचे ठरावीक टक्के देते. ८.३३ टक्के हा बराच चालणारा दर, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. जेडीत कंपनीचं नाव सापडलं आणि मी परस्पर तिच्या साइटवर अर्ज टाकला, की मॅडमचा महिना बुडाला. शिवाय तीच जागा आणखी चार कन्सल्टन्सींकडे गेलेली असते. ज्याने माझा सीव्ही पोर्टलवर आधी चढवला, त्याचा मी. पुढचे काही महिने त्या कंपनीपुरता त्याच्याच नावावर. पॅन नंबर त्यासाठीच हवा असतो, मी आधीच कुणाचा झालोय का ते बघायला. म्हणून पॅन आणि 'माझा सीव्ही पाठवायला हरकत नाही' ही मेल, या दोन गोष्टी मी जेडी वाचल्याशिवाय देत नाही. बायको याला आडमुठेपणा म्हणते. म्हणू दे.

जेडी मागून मिळत नाही हे कळल्यावर मी फाइल मागणं सोडलं आणि प्रश्न विचारले: शिफ्ट कुठली? पगार कंपनीच्या पेरोलवर की तुमच्या? मस्ट-हॅव स्किल कोणते?

यावर थेट फोन.

"सर, शिफ्ट फ्लेक्सिबल आहे."

"कोणासाठी?"

"म्हणजे रोटेशनल, सर."

"रात्रीची असते?"

"कधी कधी. यूएस क्लायंट आहे ना."

"आणि पेरोल?"

"सुरुवातीला सहा महिने आमच्याकडे, सर. मग परफॉर्मन्स बघून कन्व्हर्ट करतात."

बघा, 'टायटलप्रमाणेच' असलेल्या कामातून दोन मिनिटांत रात्रपाळी आणि कंत्राट निघालं. स्किलचं विचारल्यावर मात्र मॅडम थांबल्या आणि एकदम माणसासारख्या बोलल्या, "सर, खरं सांगू? मलाही लीडने टायटलच पाठवलंय. संध्याकाळपर्यंत दहा प्रोफाइल द्यायचेत."

मी म्हटलं, "मग तुमच्या लीडला सांगा, उमेदवार तयार आहे, फक्त जेडीवर अडलाय."

हा उपाय मी सगळ्यांना सुचवतो. 'उमेदवार विचारतोय' म्हटलं की लीड हलत नाही. 'उमेदवार अडलाय' म्हटलं की हलतो.

जेडी आली. कंपनीचं नाव काळजीपूर्वक पुसलेलं, फक्त शेवटच्या ओळीत तिच्या वेबसाइटचा पत्ता राहून गेलेला. पहिलं पान टीम प्लेयर, सेल्फ स्टार्टर, उत्तम संवादकौशल्य यांनी भरलेलं. ते मी उलटून टाकतो, कारण ते वॉचमनच्या जेडीतही चालेल. खरं काम 'मस्ट हॅव'खाली असतं. तिथे लिहिलं होतं: एल-टू प्रॉडक्शन सपोर्ट, तिकिटं वेळेत बंद करणं, चोवीस तास रोटेशन, वीकेंडला ऑन-कॉल. थोडक्यात, रात्री तीनला सर्व्हर उठवणारा तो चौथा. आणि माझं लाडकं एसक्यूएल तळाशी, 'असल्यास उत्तम'मध्ये, फ्रेंच भाषेच्या शेजारी बसलेलं.

मी कळवलं, "मॅडम, माझ्यासाठी नाही. आभारी आहे."

"ओके सर. एनी रेफरन्स?"

सपोर्टमधला म्हणून मंदार आठवला. त्याला विचारल्याशिवाय नंबर देणं बरं नव्हे, म्हणून आधी त्याला पूर्ण जेडी पाठवली. त्याच्याकडे चार महिन्यांचं बाळ आहे, आणि सासूबाई मुक्कामाला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. पगार नाही, पेरोल नाही, स्किल नाही, काही विचारलं नाही.

"रात्रपाळी ऑफिसात जाऊन करायची ना रे? नक्की? घरून नाही ना?"