पंधरा टक्के शिलकीला पाच वर्षांची मुदत नाही

‘धर्मादाय संस्थेने राखून ठेवलेले पंधरा टक्के उत्पन्न पाच वर्षांत खर्च केले नाही, तर त्यावर कर लागतो.’

हे खरे नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या उत्पन्नाला लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ११(१)(अ) नुसार उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम कोणताही अर्ज न भरता, कितीही काळ राखून ठेवता येते. मात्र ती कलम ११(५) मधील मान्य प्रकारांतच गुंतवलेली असावी लागते.

समजा, नोंदणीकृत संस्थेचे वर्षाचे उत्पन्न २० लाख रुपये आहे आणि धर्मादाय कामावर १२ लाख खर्च झाले. १५ टक्के, म्हणजे ३ लाख, वगळता ५ लाख उरतात. पाच वर्षांची मुदत फक्त या ५ लाखांना लागू होते आणि तीही संस्थेने नमुना १० मध्ये नेमका हेतू व कालावधी कळवून संचय मागितला तरच. हा नमुना विवरणपत्राच्या अंतिम तारखेच्या किमान दोन महिने आधी भरावा लागतो. प्रत्यक्षात गफलत इथेच होते, कारण ‘संस्थेची सर्व उद्दिष्टे’ असा मोघम हेतू लिहिला जातो आणि संचयच वादात सापडतो. नमुना भरलाच नाही, तरी करपात्र ठरतात ते हे ५ लाख. ३ लाखांना धक्का लागत नाही.