कन्व्हर्टिबल फ्रिज घेऊ का? आधी तुमचा फ्रीझर उघडून बघा

उन्हाळा लागला की मला येणाऱ्या फोनांत निम्मे दुरुस्तीचे नसतातच. "दादा, कन्व्हर्टिबल घेऊ का साधाच बरा?" हाच प्रश्न. कन्व्हर्टिबल म्हणजे ज्याचा फ्रीझर बटण दाबून फ्रिजसारखा वापरता येतो तो. दुकानात सेल्समननं बटणं दाबून दाखवलेली असतात, घरी येईपर्यंत अर्धं विसरलेलं असतं आणि बिल मात्र वाढलेलं असतं. दरवेळी फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो.

दोन दाराच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये बहुतेक वेळा थंडी तयार होण्याची जागा एकच असते. फ्रीझरच्या पाठीमागचा प्लास्टिकचा पॅनल काढला की कॉइल दिसते, तीच. तिच्याजवळचा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये सोडतो आणि त्यातली थोडी खाली फ्रिजकडे पाठवतो. खाली जाणाऱ्या वाटेवर एक छोटं झाकण असतं, त्याला आम्ही डॅम्पर म्हणतो. झाकण किती उघडायचं, पंखा कधी फिरवायचा आणि कॉम्प्रेसर किती जोरात चालवायचा, मुख्यतः या तीन गोष्टी सर्किट बोर्डाच्या हातात असतात. पॅनेलवर पाच मोड लिहिलेले असोत की सात, आत याच तीन गोष्टींची फिरवाफिरव चालते. काही महागड्या फ्रिजमध्ये वर-खाली वेगळ्या कॉइल असतात. तिथे दोन्ही कप्पे एकमेकांपासून जास्त मोकळे राहतात, वरचा वास खालच्या दुधाला लागत नाही. पण सोलापुरात माझ्या हाताखालून जाणारे बहुतेक फ्रिज एकाच कॉइलचे.

फ्रीझरचा फ्रिज केला म्हणजे काय होतं? उणे 18 अंशांवर असणारा कप्पा 2-3 अंशांवर येतो. बटण दाबलं की लगेच नाही, त्याला काही तास जातात. बर्फ, आइस्क्रीम, मटार आधी बाहेर काढावे लागतात, नाहीतर सगळं वितळून खाली पाणी होतं. परत फ्रीझर करतानाही तसंच: बटण दाबल्या दाबल्या आत काही भरू नका, आधी कप्पा नीट गोठू द्या.

होटगी रोडच्या एका ताईंचं उदाहरण देतो. घर पूर्ण शाकाहारी. अडीचशे लिटरच्या आसपासचा फ्रिज, त्यातला वरचा पन्नासेक लिटर फ्रीझर वर्षभर जवळपास रिकामा. एक बर्फाचा ट्रे आणि लेकरांच्या दोन-चार कुल्फ्या. मेमध्ये मात्र खालच्या कप्प्यात पाय ठेवायला जागा नाही: पाण्याच्या बाटल्या, दूध, ताक, आंबे आणि आठवड्याची भाजी. त्यांनी फ्रीझर फ्रिजच्या मोडवर टाकला आणि रिकामी जागा मिळाली म्हणून मेथी-कोथिंबीर वर सरकवली. चार दिवसांत फोन. "दादा, नवीनच फ्रिज आणि भाजी काळी पडली की ओ!"

फ्रिजला काहीच झालं नव्हतं. पाण्याच्या दोन ग्लासांत थर्मामीटर बुडवून एक कप्प्यात पुढे दाराशी आणि एक मागे हवेच्या झरोक्यासमोर रात्रभर ठेवायला सांगितलं. (ग्लासात पाणी हवंच, नुसती हवा मोजली तर दार उघडल्याबरोबर आकडा बदलतो.) सकाळी पुढच्या ग्लासात 4 अंश, मागच्यात शून्याच्या जवळपास. कॉइल त्याच कप्प्याच्या पाठीमागे, तिची हवा सरळ मागच्या वस्तूंवर येते, म्हणून पानं गारठून मऊ आणि काळी पडली. शिवाय तिथे भाजीचा बंद ट्रे नसतो, पंख्याची कोरडी हवा उघड्या कोथिंबिरीतलं पाणी ओढून घेते. भाजी खाली ट्रेमध्ये नेली, बाटल्या आणि ताकाची भांडी वर मागच्या बाजूला, दूध वर पण पुढे. त्यानंतर तक्रार नाही. या घराला कन्व्हर्टिबलचा खरा फायदा झाला, आणि तो जागेचा झाला.

विजेचा फायदाही सांगतात, तो मोजून घ्या. स्वयंपाकघरात 38 अंश असताना उणे 18 च्या कप्प्याला बाहेरच्या उष्णतेशी 56 अंशांचा फरक सोसावा लागतो. तोच कप्पा 3 अंशांवर असला तर 35. भिंतींतून आत शिरणारी उष्णता त्याच प्रमाणात कमी होते, म्हणजे वाचत नाही असं नाही. पण एवढ्या फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाचे साधारण दोनेकशे युनिट असतात, त्यातला काही भाग, तोही उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांचा. शंभर-दीडशे रुपयांच्या पलीकडे जाईल असं मला वाटत नाही. एवढ्यासाठी महागडं मॉडेल घेणं हा काही हिशोब झाला नाही.

एक्स्प्रेस फ्रीझ तर अनेकांना चुकीच्याच कामाला वापरायचं असतं. पाहुणे दारात, पाण्याच्या बाटल्या फ्रिजमध्ये, आणि बटण दाबलं! त्या बटणाचं काम फ्रीझरपुरतं. कॉम्प्रेसर काही तास पूर्ण जोरात चालतो आणि मग मोड आपोआप बंद होतो. खालच्या बाटल्यांना त्याचा फारसा उपयोग नाही. कामाचं आहे ते एकदम भरपूर माल गोठवायचा असेल तेव्हा. एक किलो पाणी 30 वरून शून्य अंशावर आणायला जेवढी उष्णता काढावी लागते, त्याच्या अडीचपटीहून जास्त ते शून्यावरच बर्फ करायला लागते. म्हणून तीन-चार किलो मटण एकदम ठेवलं की साधा मोड रात्रभर झगडत बसतो, आणि शेजारी आधीच गोठलेला मालही नरम पडतो. अशा वेळी मटण ठेवण्याच्या चार-पाच तास आधी बटण दाबा आणि अर्ध्या-अर्ध्या किलोची चपटी पाकिटं करून एकमेकांपासून जरा लांब ठेवा. मोठा गोळा बाहेरून दगड आणि आतून ओला राहतो, तिथे कुठलंच बटण कामाला येत नाही. फ्रिज भिंतीला चिकटलेला असेल, तर आमच्या 43 अंशांच्या दुपारी त्याला आतली उष्णता बाहेर टाकायलाच जागा नसते. आधी तो पुढे ओढा.

व्हेकेशन मोडबद्दल मात्र जरा सावध राहा, कारण प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा. सर्वसाधारणपणे फ्रीझर चालू राहतो आणि खालचा कप्पा बंद होतो किंवा 15 अंशांच्या आसपास ठेवला जातो. म्हणजे लोणचं, जॅम टिकेल. दूध, दही, शिजवलेली भाजी, इडलीचं पीठ टिकणार नाही. आठ दिवसांनी परत आल्यावर पीठ वर येऊन दाराच्या रबरापर्यंत पसरलेलं मी साफ केलंय, वास आठवडाभर जात नाही. माझं मत विचाराल तर चार दिवसांच्या गावाला हा मोड लावूच नका. दार उघडलं जात नाही, तेव्हा फ्रिज तसाही कमी चालतो. महिनाभर जाणार असाल आणि खालचा कप्पा पूर्ण रिकामा करून पुसणार असाल, तरच लावा.

जाताना फ्रीझरमध्ये वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं बर्फात खाली बुडालेलं दिसलं, तर मधे लाइट बराच वेळ गेली होती आणि मटण वितळून परत गोठलंय. ते फेकून द्या, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

आणि घरात रोज मांस-मासे गोठवत असाल, फ्रीझर कायम भरलेला असेल, तर कन्व्हर्टिबलचे जास्तीचे पैसे देऊ नका. तो फ्रीझर तुम्ही कधी रिकामाच करणार नाही. तेच पैसे थोड्या मोठ्या लिटरच्या साध्या इन्व्हर्टर फ्रिजमध्ये घाला.