ऑर्डरवरून संयुग्मी वर्ग ठरत नाहीत

"S_n मध्ये ज्या क्रमचयांची ऑर्डर सारखी, ते सगळे एकाच संयुग्मी वर्गात. वर्गात किती घटक आहेत ते काढायचे तर n! ला ऑर्डरने भागा. हाच नियम A_n ला पण चालतो. सेटची तयारी करणाऱ्यांनी सेव्ह करून ठेवा!"

हा संदेश सध्या मुंबईतल्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतो आहे आणि आता तो माझ्या भाचीच्या वहीत लाल चौकटीत सूत्र म्हणून जाऊन बसला आहे. "मामा, कॉलेजातल्या सगळ्यांकडे हेच आहे," असे ती म्हणाली, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

आधी दुसरे वाक्य घेतो, कारण परीक्षेत सर्वाधिक गुण तेच घालवणार आहे. S_6 मध्ये एकूण 720 क्रमचय आहेत. त्यांतील (1 2) फक्त 1 आणि 2 यांची अदलाबदल करतो आणि त्याची ऑर्डर 2 आहे. संदेशातील सूत्राने त्याच्या वर्गात 360 घटक यायला हवेत. पण अशा अदलाबदली म्हणजे सहा अंकांतून दोन निवडण्याचे प्रकार, आणि ते 15 आहेत. हे पंधराही कागदाच्या एका ओळीत लिहून होतात. सूत्र पुढे पाठवण्याआधी कोणीही एवढे करून पाहिले नाही, याचा मला खरोखर राग येतो.

खरा नियम एका निरीक्षणावर उभा आहे. σ(a b c)σ⁻¹ काढले की (σ(a) σ(b) σ(c)) मिळते, म्हणजे चक्राची लांबी तीच राहते आणि आतले अंक तेवढे बदलतात. उलट दिशेने, दोन क्रमचयांच्या चक्रांच्या लांब्या जुळत असतील तर ते एकाखाली एक लिहावेत आणि वरचा अंक खालच्या अंकाकडे नेणारा σ घ्यावा. उदाहरणार्थ, वर (1 2 3)(4 5)(6) आणि खाली (2 4 6)(1 3)(5) लिहिले, तर σ हा 1→2, 2→4, 3→6, 4→1, 5→3, 6→5 असा मिळतो. म्हणून S_n मध्ये संयुग्मी वर्ग चक्रप्रकारावरून, म्हणजे चक्रांच्या लांब्यांच्या यादीवरून ठरतो. डमिट आणि फूट यांच्या पाठ्यपुस्तकात चौथ्या प्रकरणाच्या तिसऱ्या भागात हे सिद्धतेसह दिले आहे. शंका असेल त्याने ते पान उघडावे.

मोजणीही यातूनच निघते. चक्रांचे कंस मांडून त्यांत सहा अंक 720 प्रकारे भरता येतात, पण एकच क्रमचय त्यांत अनेकदा येतो, म्हणून तो किती वेळा येतो त्या संख्येने भागायचे. (1 2) साठी दोन अंकांचा कंस 2 प्रकारे लिहिता येतो आणि स्थिर राहणारे चार अंक 4! = 24 क्रमांनी मांडता येतात; 2 × 24 = 48 आणि 720/48 = 15. (1 2)(3 4) साठी भाजक 2² × 2! × 2! = 16, म्हणून 45 घटक. (1 2)(3 4)(5 6) साठी भाजक 2³ × 3! = 48, म्हणून पुन्हा 15. ऑर्डर 2 असलेले हे 75 क्रमचय तीन वेगवेगळ्या वर्गांत विभागले जातात. त्यांतील पहिला आणि तिसरा वर्ग विशेष फसवा आहे: ऑर्डर सारखी, घटकसंख्या सारखी, आणि दोन्हींतील क्रमचय विषमच. तरीही (1 2) चार अंक जागच्या जागी ठेवतो आणि (1 2)(3 4)(5 6) एकही ठेवत नाही, त्यामुळे ते संयुग्मी असूच शकत नाहीत.

संदेशात अर्धे सत्य आहे, हे मान्य करावे लागेल. संयुग्मी क्रमचयांची ऑर्डर सारखीच असते आणि S_3 मध्ये त्याचे उलट विधानही खरे ठरते. S_4 मध्येच (1 2) आणि (1 2)(3 4) ते मोडतात. S_6 मध्ये ऑर्डर सहाच प्रकारच्या आहेत, तर वर्ग 11 आहेत, कारण 6 ची विभाजने तेवढीच आहेत. ऑर्डरने भागण्याची युक्तीही क्वचित बरोबर उत्तर देते: (1 2 3)(4 5) साठी 720/6 = 120 हे खरेच आहे. मात्र त्यासाठी स्थिर अंकांची एक लांबीची चक्रे धरून सर्व लांब्या वेगवेगळ्या असाव्या लागतात आणि कोणत्याही दोन लांब्यांत 1 शिवाय सामाईक विभाजक नसावा लागतो. (1 2 3 4)(5 6) मध्ये 4 आणि 2 यांचा 2 हा सामाईक विभाजक आहे. तिथे ती युक्ती 180 सांगते आणि वर्गात घटक आहेत 90.

A_n बद्दल थोडक्यात सांगतो. A_4 मध्ये तीन लांबीची 8 चक्रे आहेत, पण वर्गाच्या घटकसंख्येने गटाच्या घटकसंख्येला नि:शेष भाग जावा लागतो आणि 8 ने 12 ला जात नाही. ती 4 आणि 4 अशा दोन वर्गांत फुटतात. सम क्रमचयांचा S_n मधील वर्ग A_n मध्ये फुटतो तो नेमका तेव्हाच, जेव्हा त्यांच्या चक्रांच्या सर्व लांब्या विषम आणि परस्परांहून वेगळ्या असतात. A_5 मध्ये पाच लांबीची 24 चक्रे म्हणूनच 12 आणि 12 अशी फुटतात. तीन लांबीची 20 चक्रे मात्र एकाच वर्गात राहतात, कारण तिथे 1 ही लांबी दोनदा येते.